सांगशाकवरच्या छत्र्या

आपल्या साताऱ्याची पोरे जिच्यात पिढ्यान्‌पिढ्या भरती झाली, त्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन मार्च 1944 मध्ये मणिपूरमधील सांगशाकला 50 व्या छत्रीधारी ब्रिगेडबरोबर लढली. छत्रीधारी सैनिक हलक्या शस्त्रांनिशी उतरतो; पाणी, दारूगोळा मागाहून विमानाने टाकावा लागतो. ही ब्रिगेड जमिनीवरूनच गेली होती, पण जपान्यांचा वेढा पडताच तिचीही तीच गत झाली. ठाणे जेमतेम सातशे मीटर लांब. सेकंदाला पन्नासेक मीटर जाणारे डाकोटा विमान ते चौदा सेकंदांत ओलांडी. माल ढकलायला जरा उशीर झाला किंवा वारा सुटला, की छत्री जपान्यांकडे! बराच माल असाच गेला. अखेर 26 मार्चच्या रात्री ठाणे सोडावे लागले. सप्टेंबरात हॉलंडमधील आर्नेमला तर वैमानिकांनी ठरल्या जागीच माल टाकला. ती जागा जर्मनांनी घेतल्याचा निरोप वायरलेसवरून पोहोचलाच नव्हता.