स्टाफ नोटेशनची कार्यपत्रिका : तपासणी

पाश्चात्त्य संगीताच्या थिअरीच्या प्राथमिक वर्गात विद्यार्थी हाताने पाच रेषा आखून त्यावर स्वर लिहितो. त्या लेखनाची ही पडताळणी. तपासणारा तीन गोष्टी पाहतो : प्रत्येक चिन्हाचे कालमूल्य, प्रत्येक बारमधल्या मूल्यांची बेरीज, आणि सुरुवातीची टाइम सिग्नेचर त्या बेरजेशी व स्वरांच्या जुळणीशी मेळ खाते की नाही. वरवर पाहता हे तिसरी-चौथीच्या गणिताचे काम आहे. प्रत्यक्षात अडचणी दोन ठिकाणी येतात. हाताने काढलेले चिन्ह नक्की कोणते हे आधी ठरवावे लागते. आणि काही बार असे निघतात, की बेरीज अचूक असूनही लेखन चुकलेले असते.

लंडनच्या असोसिएटेड बोर्डच्या (स्थापना १८८९) थिअरी परीक्षांत ‘बार-रेषा ओढा’, ‘टाइम सिग्नेचर लिहा’ हे प्रश्न नेहमीचे. या बोर्डाने पहिल्या पाच श्रेणींची लेखी परीक्षा २०२० पासून संगणकावर नेली, पण वर्गातला सराव पेन्सिलीनेच चालतो. आपल्याकडे या लेखनाची सर्वांत जुनी परंपरा गोव्यातली. तिथल्या चर्चला जोडलेल्या शाळांत पोर्तुगीज काळापासून मुले सोल्फेज आणि स्टाफ नोटेशन शिकत. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे संगीतकार पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले, तेव्हा वाद्यवृंदासाठी हाताने स्वर लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले ते या शिक्षणामुळेच.

मोजणीसाठी पानावरचे सर्वांत लहान मूल्य एकक धरणे सोयीचे. ते सेमीक्वेव्हर असेल तर सेमीक्वेव्हर १, क्वेव्हर २, क्रॉचेट ४, मिनिम ८ आणि सेमीब्रीव्ह १६. स्वरापुढचे टिंब त्या स्वराच्या मूल्यात त्याचेच निम्मे मिळवते, म्हणून टिंबवाला क्रॉचेट ६ आणि टिंबवाला मिनिम १२. अमेरिकी पद्धतीच्या पुस्तकांत हीच चिन्हे होल नोट, हाफ नोट, क्वार्टर नोट या नावांनी येतात. हिशेब तोच राहतो. टाइम सिग्नेचरवरून बारची अपेक्षित बेरीज काढायची तर खालच्या अंकाने १६ ला भागायचे आणि येईल त्याला वरच्या अंकाने गुणायचे. ३/४ साठी ती १२ येते, २/४ साठी ८, ४/४ साठी १६. अपूर्णांकांची बेरीज करत बसण्यापेक्षा हे बरे. एक अधिक अर्धा अधिक पाव करताना मोठी माणसेही घसरतात.

हाताच्या लेखनात पहिला घोळ गोळ्याचा. पोकळ गोळा मिनिमचा, भरलेला क्रॉचेटचा. घाईत अर्धवट भरलेला गोळा दोन्ही असू शकतो आणि मूल्य दुप्पट किंवा निम्मे होते. दांडी पुसट असेल तर मिनिम सेमीब्रीव्ह वाटतो. दांडीची बाजूही पाहावी लागते : वर जाणारी दांडी गोळ्याच्या उजवीकडे, खाली जाणारी डावीकडे. ती चुकली तरी मूल्य बदलत नाही, म्हणून ही चूक बेरजेत धरू नये, वेगळी नोंदवावी.

टिंबाचा घोळ अधिक चकवणारा आहे. मूल्य वाढवणारे टिंब गोळ्याच्या उजवीकडे, नेहमी मोकळ्या जागेत येते. गोळा रेषेवर असेल तर टिंब त्या रेषेच्या वरच्या जागेत सरकते. तेच टिंब गोळ्याच्या थेट वर किंवा खाली पडले की त्याचा अर्थ स्टकॅटो, म्हणजे स्वर तुटक वाजवा, आणि बारची बेरीज जिथल्या तिथे राहते. दुसरीतल्या मुलाच्या हाताला दोन मिलिमीटरचा हा फरक राखणे जड जाते.

रेस्टमध्ये जोडी मिनिम आणि सेमीब्रीव्हची. दोन्ही लहानशा काळ्या आयताच्या. सेमीब्रीव्ह रेस्ट खालून चौथ्या रेषेला लटकतो, मिनिम रेस्ट मधल्या रेषेवर बसतो. हाताने आखलेल्या रेषा वाकड्या किंवा कमी-जास्त अंतराच्या असतील तर लटकणे आणि बसणे यांतला भेदच मिटतो. म्हणून तपासणीची सुरुवात रेषांपासून करावी : रेषा पाचच आहेत ना, आणि त्यांतले अंतर साधारण सारखे आहे ना. (जुन्या काळी यासाठी पाच टोकांची लेखणी असे, ‘रास्त्रुम’ म्हणत तिला. एका फटकाऱ्यात पाचही रेषा.)

यानंतर एक क्रम पाळणारे तपासनीस थोडे आहेत, पण तो पाळावा असा आहे. टाइम सिग्नेचर हाताने झाकून आधी प्रत्येक बारची बेरीज बारखाली पेन्सिलीने लिहायची आणि मगच हात काढायचा. याचे कारण साधे आहे. ‘इथे १२ यायला हवेत’ हे डोक्यात असले की डोळा अर्धवट भरलेला गोळा बेरजेला सोयीचा वाचतो. विद्यार्थ्याने काय लिहिले ते बाजूला राहते आणि काय लिहायला हवे होते तेच तपासले जाते.

उदाहरणादाखल एक पान घेऊ : ट्रेबल क्लेफ, ३/४, चार बार.

पहिल्या बारमध्ये क्रॉचेट, बीमने जोडलेले दोन क्वेव्हर, पुन्हा क्रॉचेट. ४, २, २, ४ मिळून १२. दुसऱ्यात दुसऱ्या रेषेवरच्या जी स्वराचा क्रॉचेट आहे, त्याच्या आसपास एक टिंब, पुढे एक क्वेव्हर आणि एक क्रॉचेट. टिंब मूल्याचे धरले तर ६, २, ४ मिळून १२. स्टकॅटोचे धरले तर १०. टिंब गोळ्याच्या उजवीकडे आहे, मात्र रेषेवर चढले आहे. बाजू बरोबर असल्याने ते मूल्याचेच, बेरीज १२, आणि शेरा जागेबद्दल. टिंब सरळ डोक्यावर असते तर मात्र १० लिहून बार चूक द्यावा लागला असता, विद्यार्थ्याच्या मनात काहीही असो.

तिसरा बार : मिनिम, आणि एका बीमखाली तीन क्वेव्हर. ८ अधिक ६, म्हणजे १४. दोन जास्त. मिनिमचा गोळा खरे तर भरलेला होता असे मानले तर बेरीज १० येते, तीही चूक. म्हणजे ही पळवाट बंद. उरतात दोन शक्यता. एक क्वेव्हर आगाऊ पडला असेल, किंवा ते तीन क्वेव्हर ट्रिप्लेट असतील आणि बीमवर ३ हा आकडा लिहायचा राहिला असेल. ट्रिप्लेटमध्ये तीन क्वेव्हर दोनांच्या वेळेत बसतात, त्यांची बेरीज ४ धरली जाते आणि बार १२ चा होतो. मिनिमने दोन बीट घेतल्यावर एकच बीट उरतो, आणि तिन्ही क्वेव्हर एकाच बीमखाली आहेत, त्यामुळे दुसरी शक्यता जास्त. तरीही तो आकडा तपासणाऱ्याने स्वतः भरू नये. ‘१४’ लिहून विद्यार्थ्याला तो बार टाळी देत म्हणायला लावले की उत्तर त्याच्याच तोंडून येते : शेवटच्या टाळीवर तीन अक्षरे आली तर आकडा राहिला होता.

चौथ्या बारमध्ये टिंबवाला क्रॉचेट आणि बीमने जोडलेले तीन क्वेव्हर. ६ अधिक ६, बारा. बेरीज चोख आहे, पण लेखन ३/४ चे नाही. डोळ्याला दिसतात ते सारख्या लांबीचे दोन गट, आणि दोन गटांचा बार ६/८ चा. ३/४ मध्ये टिंबवाला क्रॉचेट दीड बीट घेतो. पुढच्या एका क्वेव्हरने दुसरा बीट पुरा होतो, म्हणून तो सुटा, शेपटीसह लिहायचा. उरलेले दोन क्वेव्हर तिसऱ्या बीटचे, ते जोडीने. एकही स्वर न बदलता फक्त बीम तोडायचा आहे.

३/४ आणि ६/८ यांचा हा गोंधळ थिअरीतला सर्वांत जुना, आणि निव्वळ बेरीज करणाऱ्याला कधीच न दिसणारा. दोन्हींत १२ सेमीक्वेव्हर मावतात. ३/४ मध्ये त्यांचे चार-चारचे तीन भाग, ६/८ मध्ये सहा-सहाचे दोन. लिओनार्ड बर्नस्टाइनने ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९५७) मधल्या ‘अमेरिका’ या गाण्यात हीच गंमत केली आहे : एक बार ६/८ चा, दुसरा ३/४ चा, असे ते आलटून पालटून चालते. तबल्याशी ओळख असलेल्या मुलांना ६/८ लवकर उमगते, कारण दादऱ्याच्या सहा मात्राही तीन-तीनच्या दोन विभागांत पडतात. मात्र टाइम सिग्नेचरचा खालचा अंक तालात नसतो. कोणत्या चिन्हाने मोजायचे एवढेच तो सांगतो. तबल्याकडून आलेली मुले नेमकी तिथे अडखळतात आणि ६/८ ऐवजी ६/४ लिहून बसतात. तेव्हा बारची बेरीज १२ च्या जागी २४ व्हायला हवी, हे दाखवले की चूक लगेच पटते.

अपुरा बार नेहमीच चुकीचा नसतो. ‘हॅपी बर्थडे’ ३/४ मध्ये लिहिताना पहिल्या बारमध्ये टिंबवाला क्वेव्हर आणि सेमीक्वेव्हर एवढेच येतात, बेरीज ४. ‘बर्थ’ हे जोराचे अक्षर पुढच्या बारच्या पहिल्या बीटवर पडावे म्हणून ही तजवीज. अशा वेळी अगदी शेवटचा बार तेवढाच कमी ठेवतात : तिथे मिनिम, म्हणजे ८. पहिला आणि शेवटचा मिळून १२ भरले की दोन्हींना बरोबरची खूण. शेवटच्या बारमध्ये टिंबवाला मिनिम आढळला, तर विद्यार्थ्याने प्रत्येक बार सुटा मोजला आहे असे समजावे.

रेस्टचाही एक अपवाद आहे. पूर्ण बार रिकामा असेल तर ३/४ असो वा ६/८, सेमीब्रीव्ह रेस्टच लिहितात, त्याचे मूल्य १६ असले तरी. बेरजेवर बोट ठेवून तो चूक ठरवणारे तपासनीस आढळतात, आणि तिथे विद्यार्थ्याचे बरोबर असते. उलट ३/४ मध्ये दोन बीटच्या शांततेसाठी मिनिम रेस्ट लिहिला तर बेरीज जुळते, पण परीक्षेच्या संकेतानुसार तिथे दोन सुटे क्रॉचेट रेस्ट अपेक्षित असतात.

पान उलट दिशेनेही येते : बार दिलेले, टाइम सिग्नेचर शोधायची. बेरीज १२ आली की बीम पाहून ३/४ की ६/८ ते ठरते. बेरीज १६ आली तर ४/४ किंवा २/२, आणि इथे बीमचा आधार असेलच असे नाही. बारमध्ये फक्त मिनिम आणि सेमीब्रीव्ह असतील तर दोन्ही उत्तरे टिकतात, आणि तपासणाऱ्याने दोन्हींना गुण द्यावेत. कोणी ४/४ ऐवजी इंग्रजी सी सारखे चिन्ह काढले तर तेही चालते. ते अक्षर नव्हे, मध्ययुगीन लेखनातले तुटके वर्तुळ आहे. त्यातून उभी रेघ गेली असेल मात्र, तर विद्यार्थ्याने २/२ लिहिले आहे.