वडिलांचा ‘पण’ आणि भाच्याची चौकट

ट्रंक आवरताना वडिलांच्या 1978 सालच्या अर्जाची कार्बन कॉपी सापडली. पेपरातली जाहिरात बघून बॉक्स नंबरवर पाठवलेला, टाइप केलेला अर्ज. वडील फिटर होते. पगाराबद्दल त्यात अख्खं वाक्य आहे: सध्या 450 रुपये मिळतात, 600 ची अपेक्षा आहे, पण क्वार्टर मिळणार असेल तर कमीही चालेल. खाली, रुजू व्हायला एक महिना लागेल.

हा महिना वडिलांनी मनाने लिहिलेला नव्हता. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली जे नमुना नियम होते, त्यांत महिन्याच्या पगारावरच्या कायम कामगाराला एक महिन्याची नोटीस होती. मालकाने काढलं तरी तेवढीच, कामगाराने सोडलं तरी तेवढीच. नाहीतर तेवढा पगार भरायचा.

1997 साली संजीव बिखचंदानींनी नोकरी डॉट कॉम सुरू केलं. पुढे अशा पोर्टलांवर कंपन्याच उमेदवार शोधायला लागल्या. शोधायचं तर वाक्य चालत नाही, आकडा लागतो. म्हणून अपेक्षित पगाराची चौकट आली, वार्षिक, लाखांत. आणि नोटीस पिरियडची ठरावीक यादी: `15 Days or less`, `1 Month`, `2 Months`, `3 Months`. वडिलांचा तो ‘पण’ कुठे टाइप करायचा?

माझा भाचा हिंजवडीत आहे. पगार 7 लाख, अपेक्षा 10 लिहिली. नेमणूकपत्रात नोटीस 90 दिवसांची. आयटीतला इंजिनीअर सहसा या पत्रानेच बांधलेला असतो. पैसे भरून लवकर सुटायचं तर तेही बहुतेक वेळा कंपनीच्या मर्जीवर. त्याने इमानदारीत `3 Months` निवडलं. दोन महिने एकही फोन नाही.

नाकारलं कुणीच नव्हतं हो! समोरच्या एचआरने ‘एक महिन्यापर्यंत’ असा फिल्टर लावला की याचं नाव यादीतच येत नाही. 9 लाखांची मर्यादा लावली तरी तेच, जरी हा साडेआठला तयार असला तरी. एचआरचीही अडचण खरी आहे. 90 दिवसांत उमेदवार हातातली ऑफर दाखवून तिसरीकडे जास्त मिळवतो आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद.

शेवटी भाच्याने दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा दिला. यादीत `Serving Notice Period` निवडलं, शेवटच्या दिवसाची तारीख भरली, अपेक्षा 9 केली. त्याच आठवड्यात चार फोन! कौशल्य तेच, अनुभव तोच.

आता 38 दिवस उरलेत. दोन मुलाखती झाल्यात, पत्र अजून एकही नाही. ताई रोज संध्याकाळी मलाच विचारते, काही कळलं का रे?