गद्यकाव्य आणि परिच्छेद : ‘दृष्टांतपाठा’च्या अनुरोधाने

गद्यकाव्याची चर्चा बोदलेरच्या, १८६९ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या, गद्यकवितांपासून आरंभण्याचा प्रघात आहे. लहान परिच्छेदाहून गद्यकाव्य कोठे वेगळे होते, हे पाहण्यास मात्र केसोबासांचा ‘दृष्टांतपाठ’ अधिक उपयोगी पडतो. चक्रधरांच्या निरूपणावर आधारलेल्या या तेराव्या शतकातील ग्रंथात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिपदरी रचना आहे. सूत्र सिद्धांत सांगते, दृष्टांत लौकिक प्रसंग मांडतो आणि दार्ष्टांतिक त्या दोहोंचा मेळ घालते.

त्यातील हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टांत घ्यावा. पाय चाचपणाऱ्यास हत्ती खांबासारखा वाटतो, कान चाचपणाऱ्यास सुपासारखा. हे आंधळे कोण, कोणाचे, याची वास्तपुस्त नाही. हा संक्षेप सूत्राकडून उसना आलेला आहे. प्रतिपाद्य आधीच ठरलेले असल्याने त्यास निरुपयोगी ते सारे गळते. म्हणूनच हा उत्तम परिच्छेद होय, गद्यकाव्य नव्हे.

आता सूत्र आणि दार्ष्टांतिक झाकून, डोळसाने केलेला उलगडाही वगळून वाचावे. खांब आणि सूप समोरासमोर उरतात. त्यांना जोडणारे वाक्य वाचकासच घडवावे लागते. गद्यकाव्यातील घनता या न लिहिलेल्या वाक्यातून येते, शब्दांच्या काटकसरीतून नव्हे. मात्र प्रत्येक दृष्टांत या कसोटीस उतरणार नाही. ज्यात एकच प्रतिमा सरळ एका अर्थाकडे बोट दाखविते, तो सूत्रावाचून केवळ अपुरा भासतो.