"जास्त पैसे गेले, तेवढे परत करा": हा सापळा नेमका कसा काम करतो?

ऑनलाइन जुनी वस्तू विकायला काढली की फोन येणारच. कोणी घासाघीस करतं, कोणी नुसतं विचारून गायब होतं. पण एखादा गिऱ्हाईक किमतीपेक्षा जास्त पैसे पाठवतो आणि म्हणतो, "अहो, चुकून जास्त गेले, वरचे तेवढे परत टाका." ही फसवणूक माझ्या मावसभावासोबत झाली. त्या दिवशी नेमकं काय घडलं, ते आधी सांगतो. मग तिच्यामागचं गणित बघू.

राहुरीतला लॅपटॉप

मावसभाऊ राहुरीला असतो. त्याने जुना लॅपटॉप 18,000 रुपयांना विकायला काढला. जाहिरात टाकून तासही झाला नव्हता, तेवढ्यात फोन आला. समोरचा हिंदीत बोलत होता. म्हणाला, मी फौजी आहे, नगरला भिंगार कॅम्पात पोस्टिंग आहे, लॅपटॉप घ्यायला उद्या माणूस पाठवतो, पैसे आत्ताच टाकतो. किंमत कमी करा असं एकदाही म्हणाला नाही. व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही पाठवलं.

इथे एक सांगतो. आपल्या जिल्ह्यात लष्कराची मोठी केंद्रं आहेत, त्यामुळे "नगर कॅम्पातून बोलतोय" हे वाक्य कोणालाही खरं वाटतं. ठग नेमका त्याचाच फायदा घेतात. लष्कराचा याच्याशी काही संबंध नसतो. ओळखपत्राचा फोटो तर कोणाचाही असू शकतो.

दहा मिनिटांनी भावाच्या फोनवर मेसेज आला: तुमच्या खात्यात 28,000 रुपये जमा झाले. लगेच त्या माणसाचा फोन. "भाई, गडबड हो गई, अठरा की जगह अट्ठाईस डाल दिया. बायको दवाखान्यात आहे, डिपॉझिट भरायचंय, दहा हजार लगेच परत कर." आणि त्याने एक नंबर दिला, ज्यावर पैसे पाठवायचे होते.

भावाला दया आली. त्याने आधी 5,000 पाठवले. उरलेले 5,000 पाठवण्याआधी त्याने मला फोन केला, "दादा, याचे पैसे परत करायचेत, पण माझ्या ॲपमध्ये जमा दिसत नाहीयेत. सर्व्हर डाऊन आहे का?"

मी म्हटलं, "एक रुपया पाठवू नकोस. तो मेसेज कोणत्या नंबरवरून आलाय, वाचून दाखव." मेसेज साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला होता. खात्यात एक पैसाही आला नव्हता. 28,000 जमा झाल्याचा तो मेसेज त्या माणसाने स्वतः टाइप करून पाठवला होता.

गणित असं आहे

या प्रकारात ठगाला लॅपटॉप नकोच असतो, त्याला फक्त "वरचे" पैसे हवे असतात. म्हणून तो किमतीवर भांडत नाही आणि वस्तू बघायलाही येत नाही.

तो तुम्हाला दाखवतो तो मेसेज, स्क्रीनशॉट किंवा चेक. हे सगळं पैसे आल्याचं चित्र असतं, पैसे नसतात. तुम्ही मात्र परत पाठवता ते खरे पैसे, आणि यूपीआयने गेलेली रक्कम काही सेकंदांत समोरच्या खात्यात पोहोचते. दोन्हींच्या मधली ही फट म्हणजेच त्याची कमाई. खोटं उघडं पडायला तुम्हाला जेवढा वेळ लागेल, तेवढाच वेळ त्याच्या हातात असतो. म्हणून दवाखाना, ट्रेन, साहेबांची ओरड, काहीतरी घाई तो लावतोच.

मेसेज आणि स्क्रीनशॉट पुरावा का नाही?

बँकेचे खरे मेसेज मोबाईल नंबरवरून येत नाहीत. पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा एक छोटा कोड दिसतो. दहा आकडी नंबरवरून "जमा झाले" असा मेसेज आला तर तो खोटा समजा. पण कोड बरोबर दिसला म्हणूनही विसंबून राहू नका. पेमेंट ॲपसारखी हुबेहूब हिरवी टिक दाखवणारी नकली ॲप्स असतात, त्यामुळे समोरच्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट तर मुळीच धरू नका.

पुरावा एकच: तुमच्या स्वतःच्या बँक ॲपमधलं किंवा पासबुकातलं खात्याचं स्टेटमेंट. नोंद तिथे दिसली आणि शिल्लक तेवढ्याने वाढली, तरच पैसे आले.

"पैसे अडकलेत, दोन तासांत दिसतील" असं समोरचा म्हणाला तर? यूपीआयमध्ये कधीकधी खरंच असं होतं, पाठवणाऱ्याचे पैसे कापले जातात पण पोहोचत नाहीत. पण त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे: असे अडकलेले पैसे बँकेने आपोआप, जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत, पाठवणाऱ्याला परत द्यायचे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. म्हणजे तुमच्याकडे न पोहोचलेले पैसे तुम्ही परत करायचा प्रश्नच येत नाही.

चेक असेल तर?

चेकची चाल जुनी आहे आणि जास्त फसवी, कारण इथे खात्यात खरंच काहीतरी दिसू शकतं. समजा तुम्ही 38,000 ची जुनी गाडी विकताय. गिऱ्हाईक 60,000 चा चेक तुमच्या खात्यात भरतो, पावतीचा फोटो पाठवतो आणि म्हणतो, "वरच्या 22,000 मधून टेम्पोवाल्याला भाडं द्यायचंय, त्याला यूपीआय करा."

पावतीचा अर्थ एवढाच की चेक बँकेत दिला. त्यानंतर चेकची प्रतिमा तो ज्या बँकेचा आहे तिच्याकडे जाते. तिथे सही, शिल्लक, खातं चालू आहे का, हे तपासलं जातं. ते होईपर्यंत तुमच्या खात्यात नोंद दिसली तरी ती वापरता येणारी शिल्लक नसते. चेक बाऊन्स झाला की नोंद उलटते आणि तुमचे 22,000 गेलेले असतात.

4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेने हे काम वेगवान केलं. सकाळी 10 ते दुपारी 4 मध्ये दिलेले चेक दिवसभर पुढे जात राहतात, आणि समोरच्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी 7 पर्यंत उत्तर द्यायचं असतं. पण सुट्टी किंवा उशिरा भरलेला चेक असेल तर वेळ वाढतो. म्हणून शाखेत जाऊन विचारा, "चेक वटला का?" "खात्यात दिसतोय का?" असं विचारू नका. आणि वटलेला चेकही चोरीचा किंवा बनावट निघाला तर बँक पुन्हा तुमच्याकडे चौकशीला येऊ शकते. त्यामुळे जास्तीची रक्कम तिसऱ्याच माणसाला द्यायची मागणी आली की व्यवहार तिथेच थांबवा.

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांनी तर जास्तच सांभाळावं. तिथल्या कायद्याने बँकेला चेकचे पैसे ठरावीक दिवसांत वापरायला द्यावे लागतात, पण बनावट चेक उघडा पडायला आठवडेही जाऊ शकतात. तोवर पैसे काढले असतील तर ते बँकेला तुम्हीच द्यायचे.

पैसे खरंच आले तर?

सगळ्यात अवघड प्रकार हा. खात्यात खरोखर 10,000 जास्त आलेत आणि फोनवर कोणी म्हणतंय, "या दुसऱ्या नंबरवर परत टाका." कधीकधी ही माणसाची प्रामाणिक चूक असते. पण कधीकधी ते पैसे तिसऱ्याच फसवलेल्या माणसाचे असतात. तुम्ही ते दुसऱ्या खात्यावर पाठवले की चोरीचा माल तुमच्या हातून पुढे सरकतो. त्या माणसाने तक्रार केली की पोलीस पैशांचा माग काढतात आणि मागावर तुमचं खातं सापडतं. मग खात्यातली तेवढी रक्कम, कधी पूर्ण खातंच गोठवलं जातं, आणि ते सोडवायला चकरा माराव्या लागतात.

म्हणून असे पैसे खर्च करू नका आणि स्वतः परतही पाठवू नका. आपल्या बँकेला लेखी कळवा की ही रक्कम माझी नाही. फोन करणाऱ्याला सांगा, "तुमच्या बँकेत तक्रार करा, बँकेमार्फत परत घ्या." खरा माणूस थोडा वैतागेल, पण तसंच करेल. ठग मात्र शिव्या देईल, नाहीतर पोलिसांत देतो म्हणेल. या फरकावरूनच तो ओळखू येतो.

पैसे गेलेच तर

आम्ही लगेच 1930 वर फोन केला. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. फोन करण्याआधी ॲपमध्ये त्या व्यवहारावर टॅप करून बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि ज्याला पैसे गेले तो आयडी लिहून ठेवा, कारण तिथे हेच विचारतात. हेल्पलाइनवरून पुढच्या बँकेला कळवलं जातं, आणि पैसे तिथे अजून असतील तर ते अडवता येतात. ठग मात्र रक्कम मिनिटांत पुढच्या खात्यात हलवतात. म्हणून घरच्यांना काय सांगू, या विचारात तास घालवू नका. नंतर cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. मेसेज, चॅट आणि कॉलची नोंद डिलीट करू नका.

भावाचे 5,000 तोवर पुढे गेले होते, ते अजून आलेले नाहीत. दुसरे 5,000 वाचले, कारण त्याने पाठवण्याआधी ॲपमधली शिल्लक बघितली आणि ती वाढलेली नाही हे त्याच्या लक्षात आलं. लॅपटॉप शेवटी शेजारच्या गावातल्या एका मुलाने घेतला. तो स्वतः घरी आला, लॅपटॉप चालू करून बघितला, 1,500 रुपये कमी करून घेतले आणि समोर उभं राहून पैसे दिले. भावाने आधी शिल्लक तपासली, मग चार्जर हातात दिला.