खरेदी रजिस्टर आणि टूबीचा ताळमेळ

व्यापाऱ्याच्या खरेदी रजिस्टरमधले प्रत्येक बिल जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या विवरणाशी जुळवून पाहण्याचे मासिक काम. बोलताना याला नुसते ‘टूबी मॅच करणे’ म्हणतात. विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून टूबी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. सुरुवातीला हातातल्या बिलावर क्रेडिट घेता येई. पोर्टलवर न दिसणाऱ्या बिलांपोटी ऑक्टोबर २०१९ पासून वीस टक्के, पुढे दहा आणि मग पाच टक्क्यांचीच सवलत उरली. १ जानेवारी २०२२ पासून तीही गेली. तरीही अनेक ठिकाणी फक्त दोन्हीकडची बेरीज पाहून काम उरकतात. बेरीज जुळणे म्हणजे ताळमेळ नव्हे.

सावेडीतल्या एखाद्या हार्डवेअर दुकानाचा जुलै महिना कल्पून पाहू. रजिस्टरमध्ये तीन बिले आहेत आणि त्यांवरचा कर ९,०००, ५,४०० व ३,६०० रुपये, म्हणजे एकूण १८,०००. टूबीतही एकूण १८,०००च. पण ९,०००चे बिल तिथे नाहीच, कारण तिमाही रिटर्न भरणाऱ्या विक्रेत्याने ते महिन्याच्या आयएफएफमध्ये टाकलेले नाही. ५,४००च्या जागी ४,५०० दिसतात. विक्रेत्याने बिलात भाडे धरले, पोर्टलवर भरताना मात्र सोडले. आणि ९,९०० रुपये कराचे एक बिल दुकानाचे नाहीच, कुणीतरी चुकीचा जीएसटीआयएन टाकल्याने ते इथे आले आहे. त्यामुळे या महिन्यात हक्काचे क्रेडिट ४,५०० अधिक ३,६००, म्हणजे ८,१०० रुपयेच. परके बिल आयएमएसमध्ये नाकारायचे आणि उरलेल्या दोन बिलांसाठी विक्रेत्यांच्या मागे लागायचे. जुळलेले ३,६००चे बिलही सहज हाती लागत नाही, कारण रजिस्टरमध्ये ‘47’ आणि पोर्टलवर ‘PN/047/25-26’ असते. नुसत्या बिल नंबरावर मशीन लावले तर तेच बिल एकदा गहाळ आणि एकदा जादा दिसते. म्हणून आधी जीएसटीआयएन, मग तारीख आणि करपात्र रक्कम जुळवावी, नंबर शेवटी. रुपया-दोन रुपयांचा फरक राउंडिंगचा असतो, तो सोडावा.

आपण पैसे चुकते केले, मग विक्रेत्याच्या चुकीची शिक्षा आपल्याला का, ही तक्रार रास्त आहे. पण कायद्याच्या कलम १६(२)मध्ये हातातल्या बिलाइतकीच पोर्टलवरच्या नोंदीचीही अट आहे, आणि तिथे पैसे दिल्याची पावती चालत नाही. वर्षअखेरीस एकदाच पाहू म्हणणाऱ्यांचे गणित मात्र चुकते. जुलैचे बिल ऑगस्टमध्ये मागितले तर विक्रेत्याकडे चलन आणि माणूस दोन्ही सापडतात, मार्चनंतर तो फोनही उचलत नाही. शिवाय जादा घेऊन वापरलेल्या क्रेडिटवर १८ टक्के व्याज चढत राहते. एका आर्थिक वर्षातल्या बिलाचे क्रेडिट घेण्याची मुदत ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरला संपते, आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरले तर ते भरले त्याच दिवशी.