निविदापूर्व बैठक

निविदापूर्व बैठक म्हणजे सार्वजनिक कामाची निविदा प्रसिद्ध झाल्यानंतर, परंतु बोली सादर करण्याची मुदत संपण्यापूर्वी, निविदा काढणारी संस्था आणि इच्छुक बोलीदार यांच्यात होणारी सभा. कामाचे स्वरूप, तांत्रिक तपशील व पात्रतेचे निकष यांविषयीच्या शंकांचे निरसन हा तिचा हेतू असतो. निकष सर्वांना सारखेच कळावेत आणि बोली उघडल्यानंतर ते बदलले जाऊ नयेत, यासाठी ही शेवटची उघड संधी असते.

कार्यपद्धती

केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम 173 मध्ये या बैठकीची तरतूद आहे. बैठकीची तारीख, वेळ व ठिकाण निविदा कागदपत्रांतच नमूद करावे लागते आणि ती बोली उघडण्याच्या पुरेशी आधी घ्यावी लागते. बैठकीचा वृत्तांत सर्व बोलीदारांना कळवून, जेथे निविदा प्रसिद्ध झाली त्याच संकेतस्थळावर टाकावा लागतो.

साधारणपणे बोलीदार आपले प्रश्न आधी लेखी पाठवतात. एखादी अट बदलायची ठरल्यास शुद्धिपत्रक काढले जाते आणि तेच निविदेचा भाग बनते. बदल मोठा असेल तर मुदतवाढ द्यावी लागते. अन्यथा बदलाची कुणकुण आधी लागलेल्यालाच त्याचा लाभ होतो. बैठकीतील तोंडी उत्तराला शुद्धिपत्रकाचे बळ नसते.

निकषांची छाननी

पक्षपात बहुधा मूल्यमापनाच्या वेळी नव्हे, तर अटी लिहितानाच शिरतो. बांधकामांसाठी केंद्रीय दक्षता आयोगाने 2002 मध्ये दिलेले मार्गदर्शन येथे मोजपट्टीसारखे उपयोगी पडते. त्यानुसार बोलीदाराने गेल्या सात वर्षांत तशाच प्रकारची, अंदाजित खर्चाच्या किमान 40 टक्के किमतीची तीन, 50 टक्क्यांची दोन किंवा 80 टक्क्यांचे एक काम पूर्ण केलेले असावे.

उदाहरणार्थ, 10 कोटी रुपयांच्या जलवाहिनीच्या कामासाठी 4 कोटींची तीन, 5 कोटींची दोन किंवा 8 कोटींचे एक काम पुरेसे ठरेल. तेथे 20 कोटींच्या एकाच कामाचा अनुभव मागितला असेल, तर अनेक सक्षम ठेकेदार आपोआप बाहेर पडतात. अशा अटीचे कारण निविदापूर्व बैठकीत लेखी विचारता येते. कारण न देता अट कायम राहिल्यास तो प्रश्न व त्याचे उत्तर नोंदीत राहते आणि पुढे न्यायालयात दाखवता येते.

मूल्यमापन

दोन लिफाफा पद्धतीत प्रथम तांत्रिक लिफाफा उघडतात. त्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा पुढे उघडला जातो. त्यामुळे तांत्रिक टप्प्यावरील अपात्रता निर्णायक असते. सर्वांत कमी दराची बोलीही न उघडता बाद होऊ शकते. म्हणून नियम 173 नुसार, बोलीदाराने विचारणा केल्यास बोली नाकारल्याची कारणे सांगणे आवश्यक आहे.

जाहीर केलेला निकष संस्थेवरही बंधनकारक असतो, हे तत्त्व मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेतून प्रस्थापित झाले. पाच वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत द्वितीय श्रेणीच्या हॉटेलचालकाची अट असताना ती पूर्ण न करणाऱ्याची बोली स्वीकारली गेली होती. रमणा दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये ही कृती चुकीची ठरवली. मात्र याचिका उशिरा दाखल झाल्याने ठेका रद्द केला नाही.

ठाणे–भाईंदर प्रकरण

ठाणे जिल्ह्यातील गायमुख ते फाउंटन हॉटेल जुळा बोगदा आणि तेथून भाईंदरपर्यंतचा उन्नत मार्ग या दोन प्रकल्पांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) निविदा मागवल्या होत्या. लार्सन अँड टुब्रो कंपनीला तांत्रिक टप्प्यावर अपात्र ठरवण्यात आले. आपल्याला निर्णय व त्याची कारणे न कळवताच आर्थिक बोली उघडल्या, अशी तिची तक्रार होती. नाकारलेल्या बोलीदाराला कारणे ठेका दिल्यानंतरच कळतील, अशा आशयाची अट निविदेतच होती.

मे 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीच्या याचिका फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीत कंपनीचे दर दोन्ही कामांत मिळून सुमारे 3,100 कोटी रुपयांनी कमी असल्याचे समोर आले. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने अपात्रतेविषयी प्रश्न उपस्थित केले. 30 मे 2025 रोजी प्राधिकरणाने व्यापक जनहिताचे कारण देत निविदा रद्द केल्याचे न्यायालयास सांगितले. अपात्रता योग्य होती की नाही, याचा निर्णय त्यामुळे झालाच नाही. पक्षपात झाल्याचा निष्कर्षही न्यायालयाने काढला नाही. कारणे उशिरा देण्याची अट बोली उघडण्याआधीच हटली असती, तर हा वाद वेळेत आणि कागदावर सुटू शकला असता.

मर्यादा

ही बैठक प्रतिस्पर्ध्यांना एकाच दालनात आणते. त्यामुळे कोण बोली लावणार हे परस्परांना कळून त्यांच्यात साटेलोटे होण्याचा धोका असतो. तो कमी करण्यासाठी प्रश्नकर्त्याचे नाव न देता उत्तरे प्रसिद्ध करतात किंवा बैठक दूरदृश्य प्रणालीद्वारे घेतात. तसेच, निकषांत गुण देण्याची रीत स्पष्ट नसेल, तर बैठक होऊनही समितीच्या मर्जीला वाव उरतो.