मापक पुनरावृत्तिक्षमता व पुनरुत्पादनक्षमता अभ्यास

मापक पुनरावृत्तिक्षमता व पुनरुत्पादनक्षमता अभ्यास ही तपासणी केंद्रावरील मोजमापात वस्तूचा खरा फरक किती आणि मोजण्यातून शिरलेला फरक किती, हे वेगळे करून दाखवणारी संख्याशास्त्रीय पद्धत होय. कारखान्यांत ती ‘गेज आर अँड आर’ या नावाने ओळखली जाते. क्रायस्लर, फोर्ड व जनरल मोटर्स या कंपन्यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये निघालेल्या मोजमाप-प्रणाली विश्लेषणाच्या पुस्तिकेमुळे ती वाहनउद्योगात रूढ झाली. मात्र जेथे माणूस उपकरणाने मोजतो आणि त्या आकड्यावर निर्णय होतो, अशा कोणत्याही ठिकाणी ती लागू पडते. या लेखात यवतमाळ जिल्ह्यातील कापूस खरेदी केंद्रावरील ओलाव्याच्या तपासणीच्या आधारे तिचे विवेचन केले आहे.

## पार्श्वभूमी

यवतमाळ हा विदर्भातील प्रमुख कापूस उत्पादक जिल्हा असून वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी आदी ठिकाणी कापसाची खरेदी होते. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला पूर्ण भाव मिळतो, ८ ते १२ टक्क्यांदरम्यान ओलाव्याच्या प्रमाणात भाव कमी होतो आणि १२ टक्क्यांवरील कापूस नाकारला जातो. त्यामुळे मापकावरचा अर्धा टक्काही शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

या कामासाठी वापरले जाणारे अनेक मापक विद्युतरोधावर चालतात. कापूस जितका ओला, तितका विजेला होणारा विरोध कमी. परंतु कापूस घट्ट दाबला तरीही विरोध कमी होतो व वाचन वाढते. म्हणजेच एकाच कापसाचे वाचन मोजणाऱ्याच्या हातानुसार बदलू शकते.

## फरकाचे घटक

एकाच व्यक्तीने तोच नमुना त्याच मापकाने पुन्हा पुन्हा मोजल्यावर येणारा फरक म्हणजे पुनरावृत्तीचा फरक. तो मुख्यतः उपकरणाचा मानला जातो. व्यक्ती बदलल्याने येणारा फरक म्हणजे पुनरुत्पादनाचा फरक. याचे दोन भाग पडतात: एखादी व्यक्ती सर्वच नमुने सातत्याने जास्त किंवा कमी मोजते तो भाग, आणि काही विशिष्ट नमुन्यांवरच व्यक्तींचे मतभेद होतात तो भाग. दुसऱ्यास परस्परक्रिया म्हणतात.

हे फरक प्रचरणाच्या, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाच्या, रूपात मांडतात. याचे कारण असे की, स्वतंत्र कारणांची प्रचरणे एकमेकांत मिळवता येतात. प्रमाण विचलने तशी मिळवता येत नाहीत.

## अभ्यासाची रीत

सामान्यतः १० नमुने, ३ मोजणारे व प्रत्येकी ३ वाचने, अशी एकूण ९० वाचने घेतात. नमुने नेहमी येणाऱ्या मालातूनच निवडावे लागतात. त्यांना खुणेचे क्रमांक देऊन ते यादृच्छिक क्रमाने समोर ठेवतात आणि आधीचे वाचन मोजणाऱ्यास कळू देत नाहीत. कापूस उघड्यावर सुकतो, म्हणून नमुने हवाबंद पिशव्यांत ठेवून सर्व वाचने एकाच बैठकीत घ्यावी लागतात. तसे न केल्यास सुकण्यामुळे पडलेला फरक पुनरावृत्तीच्या खात्यात जमा होतो आणि दोष विनाकारण मापकावर येतो.

## उदाहरण

पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत. तीन मोजणाऱ्यांच्या ३०–३० वाचनांच्या सरासऱ्या सुमारे ८.९, ९.२ व ९.७ टक्के आल्या. प्रचरण विश्लेषणातून मोजणाऱ्यांचा सरासरी वर्ग ४.६२, परस्परक्रियेचा ०.१२ व पुनरावृत्तीचा ०.०९ मिळाला. मोजणाऱ्यांचे प्रचरण काढण्यासाठी ४.६२ मधून ०.१२ वजा करून, प्रत्येकाची ३० वाचने असल्याने, ३० ने भागतात, उत्तर ०.१५ येते. परस्परक्रियेसाठी ०.१२ मधून ०.०९ वजा करून ३ ने भागतात. अशी वजाबाकी ऋण आल्यास तो घटक शून्य धरतात.

| घटक | प्रचरण |
|---|---|
| पुनरावृत्ती | ०.०९ |
| मोजणारे | ०.१५ |
| परस्परक्रिया | ०.०१ |
| मोजमापाचा एकूण फरक | ०.२५ |
| नमुन्यांतील खरा फरक | २.२५ |
| सर्व मिळून | २.५० |

## घटकांचे वाचन

मोजमापाचा वाटा प्रचरणात मोजल्यास २.५० पैकी ०.२५, म्हणजे १० टक्के होतो. प्रमाण विचलनात मोजल्यास तो ०.५० भागिले १.५८, म्हणजे सुमारे ३२ टक्के होतो. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत. रूढ निकषानुसार प्रमाण विचलनातील वाटा १० टक्क्यांखाली चांगला व ३० टक्क्यांवर अस्वीकार्य समजतात. प्रचरणातील १० टक्के या निकषाला लावून ‘मापक ठीक आहे’ असा निष्कर्ष काढणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

निर्णयावरील परिणाम मर्यादेजवळ दिसतो. एखाद्या कापसाचा खरा ओलावा ११.५ टक्के आहे असे समजू. मोजमापाचे प्रमाण विचलन ०.५ असल्यास आणि चुका प्रसामान्य वितरणानुसार असल्यास, वाचन १२ च्या वर जाऊन हा घेण्याजोगा कापूस नाकारला जाण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते.

उपाय कोणता, हे घटकांवरून ठरते. एकाच व्यक्तीने तीन वाचने घेऊन सरासरी काढली, तर पुनरावृत्तीचे प्रचरण ०.०९ वरून ०.०३ होते; पण मोजणाऱ्यांचे ०.१५ तसेच राहते. चुकीच्या नकाराची शक्यता १६ वरून जेमतेम १३ टक्क्यांवर येते. नवा महाग मापक घेण्याचा लाभही याच कारणाने मर्यादित राहतो. याउलट प्रत्येक वेळी कापूस ठरावीक वजनाचा घेऊन ठरावीक दाबानेच दाबला आणि त्यामुळे मोजणाऱ्यांमधील फरक नाहीसा झाला, तर एकूण प्रचरण ०.१० उरते व ही शक्यता सुमारे ६ टक्क्यांवर येते. पुनरावृत्तीचा घटक मोठा असता, तर मात्र वाचनांची सरासरी किंवा मापकाची दुरुस्ती हाच योग्य मार्ग ठरला असता.

## मर्यादा

टक्केवारी नमुन्यांच्या निवडीवर अवलंबून असते. वरील उदाहरणात नमुन्यांचे प्रमाण विचलन १.५ आहे. ते ०.५ असते, तर मापक व माणसे तीच असूनही मोजमापाचा वाटा ३२ ऐवजी सुमारे ७१ टक्के झाला असता. म्हणून मुद्दाम अतिशय कोरडे व अतिशय ओले नमुने निवडल्यास निष्कर्ष फसवा, चांगला दिसतो.

तीनच मोजणारे असल्यास त्यांच्यातील प्रचरणाचा अंदाज फार ढोबळ असतो. त्यातून दिशा कळते, नेमका आकडा नाही.

हा अभ्यास मोजमापांतील विसंगती दाखवतो, अचूकता नाही. तिघेही सारखेच एक टक्का जास्त मोजत असतील, तर अभ्यासाचा निकाल उत्तम येईल आणि प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान होत राहील. ही चूक शोधण्यासाठी त्याच नमुन्याचा ओलावा भट्टीत सुकवून, वजनातील घटीवरून स्वतंत्रपणे काढावा लागतो आणि मापकाच्या वाचनाशी ताडून पाहावा लागतो.